मागांच्या गल्लीतला व्हॉइसओव्हर: स्वस्त माईक, चार वाकळा आणि बेताची पातळी

घरी केलेला व्हॉइसओव्हर तीन प्रकारे बिघडतो. खोली घुमते, मागे कसला तरी आवाज चालू राहतो, नाहीतर पातळी चढून आवाज फाटतो. यातला मागचा सततचा आवाज सॉफ्टवेअरने थोडाफार कमी करता येतो. घुमणं आणि फाटणं मात्र एकदा फाइलमध्ये शिरलं की घरगुती साधनांनी धड निघत नाही. तरीही बहुतेकांचा पैसा माईकवर जातो, वेळ सॉफ्टवेअरवर जातो आणि खोलीकडे कुणी बघतच नाही. या लेखात मी उलटं करणार आहे. खोलीला सगळ्यात जास्त जागा देणार, त्याखालोखाल पातळीला, आणि माईकबद्दल मोजकंच बोलणार.

उदाहरण घेते माझ्या मैत्रिणीच्या मुलीचं. तिचं घर बेळगावच्या वडगावात, गल्लीत दोन्ही बाजूंना माग. तिला राजहंसगडावरच्या एका छोट्या व्हिडिओसाठी सहा मिनिटांचं निवेदन करून द्यायचं होतं. खोली दहा बाय बाराची, खाली शहाबादी फरशी, भिंती सिमेंटच्या, गल्लीकडे उघडणारी एक खिडकी, कोपऱ्यात लोखंडी कपाट. आवाजाच्या दृष्टीने याहून वाईट खोली शोधून सापडणार नाही, पण आपल्याकडची निम्मी घरं अशीच आहेत. निपाणीत महामार्गाला लागून राहणाऱ्यांना ट्रकचा आवाज, टिळकवाडीत रेल्वे फाटकाजवळ राहणाऱ्यांना गाडीचा भोंगा आणि खानापूरकडे पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना जूनपासून पावसाचा मारा. पत्र्यावर पाऊस पडत असताना रेकॉर्डिंग करायचंच नाही. त्यावर घरगुती इलाज नाही.

माईक: काय घ्यावं, काय टाळावं

लॅपटॉपवर काम करणार असाल तर दोन-तीन हजारांतला यूएसबी कंडेन्सर माईक पुरतो. घेताना तीन गोष्टी बघा. तो कार्डिऑइड असावा, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी घेणारा. माईकवरच गेनचं, म्हणजे माईक आवाज किती वाढवून घेतो ते ठरवणारं, बटण असावं. आणि हेडफोन लावायला भोक असावं, म्हणजे आपला आवाज उशीर न होता थेट ऐकता येतो.

बाजारात बीएम-८०० या नावाने अनेक छापांचा एक स्वस्त कंडेन्सर मिळतो. त्याच्यासोबत लॅपटॉपच्या छोट्या भोकात बसणारी वायर देतात, म्हणून तो घेऊन थेट लॅपटॉपला जोडायचा मोह होतो. त्याला खरं तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे वायरीतूनच माईकला मिळणारी वीज, लागतो. लॅपटॉपचं भोक जेमतेम दोन ते पाच व्होल्ट देतं. त्यामुळे आवाज बारीक येतो, तो वाढवायला गेलं की सूंऽऽ असा घोळ वर येतो आणि माणूस माईकला दोष देत बसतो. फँटम पुरवठा देणारं साउंड कार्ड किंवा त्या पुरवठ्याचा वेगळा डबा घेणार नसाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

फोनवर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी कॉलरला लावायचा वायरचा माईक चांगला. तो चहूबाजूंनी ऐकतो, म्हणून खोली त्यात जास्त शिरते. पण तोंडाजवळ राहतो हा त्याचा फायदा. पुढे सांगितलेल्या वाकळांच्या आडोशात बसून तो वापरला तर काम होतं.

डायनॅमिक माईक गल्लीचा आवाज घेत नाही असं खात्रीने सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यात तथ्य एवढंच की डायनॅमिक माईक ओठांपासून चार बोटांवर धरून बोलतात. तोंड जवळ आलं की आवाज मोठा होतो, गेन खाली आणता येतो, आणि त्याबरोबर गल्लीही खाली जाते. कंडेन्सरही जवळ घेतला तर हेच होतं.

आधी कान लावून बसा

माईक जोडण्याआधी खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरकस टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'ट्रर्र' अशी शेपटी ऐकू आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडू खेळतोय असं समजा. मग खोलीच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाळी वाजवत फिरा. कपड्यांची दोरी, गाद्यांची चळत, पुस्तकांचं शेल्फ यांच्याजवळ शेपटी लगेच आखूड होते. तीच तुमची जागा. बरोबर मधोमध आणि अगदी कोपऱ्यात बसणं टाळा, कारण लहान खोलीत तिथे खालच्या सुरांची जाडी विचित्र वाढते किंवा कमी होते.

लोखंडी कपाटाला बोटाने टकटक करून बघा. तुम्ही बोलताना ते बारीक आवाजात थरथरतं आणि ते रेकॉर्डिंगमध्ये येतं. कपाट हलवता येत नसेल तर त्यावर घोंगडं टाका. कपाटावर ठेवलेले पितळेचे डबे, काचेच्या बाटल्या दुसऱ्या खोलीत जाऊ द्या.

मग पंखा बंद करा, फ्रिजच्या खोलीचं दार लावा, ट्यूबलाइट घालवून साधा एलईडी दिवा लावा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. आता जे ऐकू येतं ते सगळं माईकलाही ऐकू येणार आहे. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास असल्यामुळे एप्रिल-मे सोडला तर पंख्याशिवाय अर्धा तास बसता येतं. आपल्याकडच्या लोकांना ही सोय कळत नाही. कोकणात उतरून हेच काम करून बघा.

वेळ कुठली निवडायची ते गल्लीवर अवलंबून आहे. रात्री उशिरा शांत असतं असं धरून चालू नका, पावसाळ्यात रात्री बेडूक आणि रातकिडे असतात. वडगावातल्या मुलीने मला विचारलं, "मावशी, माग थांबतात कधी? रात्री बारालाही चालूच असतात." उत्तर तिच्याच घरात होतं. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प होते. भारनियमनाची वेळ ठरलेली असेल तर मागांच्या गल्लीत तीच रेकॉर्डिंगची वेळ. लॅपटॉप बॅटरीवर, माईक लॅपटॉपवर, मोबाइल फ्लाइट मोडवर. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही त्या वेळेपुरता बंद ठेवा. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात आणि त्यावर पंखे, चार्जर गुणगुणतात. तिने फळ्यावर वेळ लिहून ठेवली, आधीच्या तासात सगळी तयारी केली आणि लाइट जाताच बसली.

वाकळांचा आडोसा

इथे दोन वेगळी कामं आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक. आतला आवाज भिंतींवरून परत येऊ न देणं हे दुसरं. पहिल्याला वजन आणि हवाबंद फटी लागतात: जाड दार, घट्ट बसणारी खिडकी. दुसऱ्याला मऊ, जाड, हवा खेळणारी वस्तू लागते. वाकळा टांगून मागांचा आवाज थांबत नाही. मागांसाठी लाइट जाण्याची वाट बघितली, वाकळा आपल्या घुमणाऱ्या खोलीसाठी. खिडकीच्या फटीत दुमडलेला टॉवेल कोंबणं आणि दाराखाली सतरंजीची गुंडाळी ठेवणं एवढं मात्र जरूर करा. बोटभर फटीतून बराच आवाज आत येतो.

घुमणं थांबवायला किती जाडी लागते हे समजून घेतलं की चुकीचा खर्च वाचतो. एक किलोहर्ट्झच्या सुराची लहर ३४ सेंटिमीटर लांब असते. चार किलोहर्ट्झची साधारण साडेआठ. मऊ वस्तू लहरीच्या पाव लांबीएवढी जाड असली, किंवा भिंतीपासून तेवढ्या अंतरावर टांगलेली असली, की ती चांगलं शोषते. म्हणजे पातळ पडदा फक्त वरचे सूर खातो. मधले आणि खालचे सूर तसेच भिंतीला आपटून परत येतात. आवाज मग घुमतही नाही आणि मोकळाही वाटत नाही, गुदमरल्यासारखा येतो. ऑनलाइन मिळणारा इंचभर फोम हेच करतो. अंड्यांचे ट्रे तर तेवढंही करत नाहीत, ते भिंतीवर दिसतात छान एवढंच.

म्हणून जाडी हवी, आणि ती आपल्या घरात फुकट पडलेली असते. जुन्या लुगड्यांच्या जाड वाकळा, कापसाची गादी, धनगरी घोंगडं. घोंगड्याची लोकर खडबडीत आणि दाट असते, ती दुहेरी करून टांगली तर बाजारातल्या पातळ फोमपेक्षा नक्कीच जास्त काम करते.

आता कुठे काय लावायचं? इथे बहुतेकजण उलटं करतात. माईकच्या मागच्या भिंतीला फोम चिकटवतात आणि स्वतःच्या पाठीमागे उघडी भिंत ठेवतात. कार्डिऑइड माईक आपल्याकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याला आपण आणि आपल्या मागची भिंत दोन्ही दिसतात. त्याची पाठ तुलनेने बहिरी असते. तेव्हा सगळ्यात जाड वस्तू आपल्या पाठीमागे हवी.

वडगावच्या खोलीत आम्ही असं बसवलं. तिला खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, त्यामुळे माईकची बहिरी बाजू गल्लीकडे गेली. तिच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे, कापसाची गादी उभी केली आणि ती पडू नये म्हणून मागे दोन खुर्च्या लावल्या. डाव्या-उजव्या बाजूला कपडे वाळत घालायची दोन घडीची स्टँडं उघडली आणि प्रत्येकावर दोन-दोन वाकळा दुमडून सोडल्या, खाली फरशीला टेकतील अशा. स्टँड तिच्या खांद्यापासून हातभर दूर. अगदी अंगाला चिकटवली असती तर कोंदट आवाज आला असता. खाली सतरंजी आणि तिच्यावर घोंगडं. डोक्यावरचा सिमेंटचा छत उघडा राहिला होता, म्हणून दोन स्टँडांवर बांबूची काठी आडवी ठेवून तिच्यावर एक रजई पसरली. समोर, माईकच्या पलीकडे, जाड पडदा पुरला.

यानंतर परत टाळी. शेपटी गेलेली असते. नसेल तर टाळी वाजवताना हळूहळू गोल फिरा, कुठल्या उघड्या पृष्ठभागाकडून ती येते ते कानाला कळतं. बहुधा उत्तर निघतं टेबल.

टेबलाचा त्रास वेगळाच आहे. तोंडातून निघालेला आवाज माईकला थेट पोचतो आणि टेबलावर आपटून, थोडा उशिरा, पुन्हा पोचतो. दोन वाटांमध्ये ३४ सेंटिमीटरचा फरक पडला तर दुसरा आवाज एक मिलिसेकंद मागे राहतो, आणि ५०० हर्ट्झच्या आसपास दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. १५०० लाही तसंच. आवाज डबड्यातून आल्यासारखा पोकळ लागतो आणि कुठलंही इक्वलायझर ते नीट भरून काढत नाही. उपाय सोपा: टेबल बाजूला करा, माईक फरशीवरच्या स्टँडवर घ्या. टेबल हवंच असेल तर त्यावर वाकळेची चौघडी घाला आणि माईक कडेला आणा. तिने संहिता मोबाइलवर न ठेवता कागदावर घेतली, पण कागद आडवा धरला तर तोही छोटं टेबलच होतो. तो माईकच्या मागे, उभा आणि किंचित तिरका, चिमट्याने अडकवला.

माईकचं अंतर

स्वस्त कंडेन्सरसाठी ओठांपासून एक वीत हे अंतर बहुतेक आवाजांना जमतं. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो, पण खोलीभर फिरणारा घुमारा आणि गल्लीचा आवाज होता तेवढाच राहतो. म्हणजे दोन वितीवरून एक वितीवर येणं म्हणजे फुकटात सहा डेसिबलची स्वच्छता. अर्ध्या वितीच्या आत गेलं तर कार्डिऑइड माईक खालचे सूर फुगवतो. काही पुरुषांना तो भारदस्तपणा आवडतो, पण डोकं दोन बोटं हललं की आवाजाचा पोत बदलतो आणि सहा मिनिटांच्या निवेदनात ते सरळ ऐकू येतं.

माईकच्या कुठल्या बाजूने बोलायचं ते आधी तपासा. मोठ्या बहुतेक कंडेन्सर माईकमध्ये बाजूने बोलायचं असतं, टोकाकडून नाही. शंका असेल तर हेडफोन लावून सगळीकडून बोलत फिरा. जिथून आवाज भरीव आणि जवळचा येतो ती बाजू खरी.

मराठीत फ, भ, थ, ध अशी महाप्राण अक्षरं भरपूर आणि त्यांच्याबरोबर हवेचा झोत सुटतो. तो माईकच्या पडद्यावर थेट आदळला की 'भप्प' असा धक्का बसतो. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता गालाच्या दिशेला थोडा तिरका ठेवा, पण रोख तोंडाकडेच. हवा सरळ जाते, आवाज मात्र पसरतो. मध्ये भरतकामाच्या रिंगवर ताणलेला नायलॉनचा पायमोजा लावा, माईकपासून चार बोटं पुढे. तपासायला "भाऊ, फाटकापाशी थांब" हे वाक्य घ्या आणि हेडफोनवर ऐका. तिरका ठेवल्याने स आणि श यांची धारही थोडी बोथट होते, ते बरंच.

माईकचं छोटं स्टँड फरशीवर किंवा टेबलावर असेल तर त्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा. माग चालू असताना जमिनीतून येणारी थरथर कानाला कळत नाही, पण मीटरवर दिसते.

पातळी

माईक आणि तोंड जागेवर बसल्यानंतरच पातळीला हात लावा. आधी लावली तर अंतर बदलताच परत लावावी लागते.

विंडोजमध्ये माईकच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज "सुधारणाऱ्या" सगळ्या सोयी बंद करा. `Audio enhancements` बंद, `Microphone Boost` दिसत असेल तर शून्य. फोनच्या रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये ऑटो गेन असेल तर तोही बंद. ऑटो गेन तुम्ही थांबलात की आवाज वाढवतो, म्हणजे वाक्याच्या शेवटी गल्ली हळूच मोठी होत वर येते आणि पुढचा शब्द सुरू झाला की दबते. हा श्वास घेतल्यासारखा चढउतार एकदा फाइलमध्ये आला की काढता येत नाही.

आता ऑडॅसिटी उघडा. मोफत आहे आणि या कामाला पुरून उरते. ट्रॅक मोनो ठेवा, व्हिडिओसाठी ४८००० हर्ट्झ. मीटर सुरू करा आणि संहितेतलं सगळ्यात जोरात येणारं वाक्य, खऱ्या वाचनाच्या जोरात वाचा. "हॅलो, चेक, वन टू" यावर पातळी लावू नका. चाचणीच्या वेळी माणूस दबून बोलतो आणि खरं वाचताना दीडपट मोठा होतो. मीटरची वरची हद्द शून्य असते, त्याच्या वर आवाज फाटतो. त्या जोरदार वाक्याचं शिखर मीटरवर उणे १२ ते उणे ९ डेसिबलच्या मध्ये यावं. उणे ६ च्या वर एकदाही जाऊ नये.

"एवढा बारीक आवाज?" असं तिने विचारलं. हो, एवढाच. १६ बिटच्या रेकॉर्डिंगची तात्त्विक मर्यादा ९६ डेसिबलच्या आसपास आहे. तुमच्या खोलीची शांतता त्या तळापेक्षा कितीतरी वर असते. म्हणजे पातळी दहा डेसिबल खाली ठेवल्याने काही हरवत नाही, नंतर वाढवली तरी खोलीचा आवाज वाढेल तेवढाच, आणि शून्याला आपटलेलं शिखर मात्र कायमचं गेलं.

एक फसवी गोष्ट इथे आहे. आवाजाची आकृती मोठी करून बघा. शिखरं उणे सहालाच आहेत, तरी माथे सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात? मग आवाज सॉफ्टवेअरच्या आधीच, माईकच्या आतल्या वर्धकात फाटला आहे. कारण माईकवरचं गेनचं बटण खूप चढलेलं आणि विंडोजची पट्टी खाली ओढलेली. अशा वेळी पट्टी वर न्या आणि बटण खाली घ्या. मीटर लाल न होणं हा न फाटल्याचा पुरावा नाही, आकृती आणि कान दोन्ही तपासा.

मग दहा सेकंद श्वास रोखल्यासारखं गप्प बसून शांतता रेकॉर्ड करा आणि हिशोब लावा. ऑडॅसिटीच्या `Analyze` मेनूत `Contrast` आहे. बोलण्याचा तुकडा निवडून `Foreground` समोरचं `Measure selection` दाबा, शांततेचा तुकडा निवडून `Background` समोरचं. दोघांतला फरक तो सांगतो. तिच्या खोलीत दुपारी, माग चालू, दोन वितीवरून: आवाज उणे २६, शांतता उणे ४५, फरक १९. काहीच उपयोग नाही. एका वितीवर येऊन गेन सहाने खाली आणला तेव्हा आवाज तोच उणे २६ आणि शांतता उणे ५१. फटी कोंबल्यावर उणे ५४. लाइट गेल्यावर, बॅटरीवर, उणे ६४. फरक ३८. हा आकडा तीसच्या वर असला तर हलक्या साफसफाईने काम भागतं. वीसच्या खाली असेल तर रेकॉर्ड करत बसू नका, वेळ किंवा जागा बदला.

चार्जर लावलेला असताना खालचा 'हं' असा सूर येतो आणि चार्जर काढताच जातो? तो ५० हर्ट्झचा विजेचा सूर आणि त्याच्या पटीतले सूर. बॅटरीवर काम करा किंवा तीन पिनांच्या, खरी अर्थिंग असलेल्या सॉकेटवर. बारीक शिट्टीसारखा सूर यूएसबीमधून येतो, त्याला दुसरं भोक वापरून बघा आणि माईकसोबत त्याच हबला हार्डडिस्क लावू नका.

रेकॉर्ड करताना

सुरुवातीला ती दहा सेकंदांची शांतता परत घ्या आणि ठेवून द्या, पुढे लागते. वाचताना चुकलात तर थांबू नका. एकदा टिचकी वाजवा आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचा. टिचकीचं टोकदार शिखर आकृतीत लांबूनही दिसतं, कापायला सोपं जातं. वाक्याच्या मधूनच जोड देऊ नका, सुराची उंची जुळत नाही.

हेडफोन वायरचे वापरा. ब्लूटूथ हेडफोनचा माईक चुकून निवडला गेला तर सगळं रेकॉर्डिंग फोनवरच्या बोलण्याच्या दर्जाचं होतं. खुर्ची लाकडाची आणि न करकरणारी घ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा, सुती कपडे घाला. रेशीम आणि नायलॉन हाताच्या हालचालीबरोबर सळसळतं. जवळ कोमट पाणी ठेवा. तोंड कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटून टकटक वाजते, आणि जवळच्या माईकवर ती गल्लीपेक्षा जास्त त्रास देते. रजईखाली गरम होतं, तेव्हा दर पंधरा मिनिटांनी बाहेर या. घाम आलेला माणूस घाईने वाचतो.

साफसफाई, बेताने

क्रम महत्त्वाचा. आधी चुकलेली वाक्यं कापा. मग `High-Pass Filter` मध्ये ८० हर्ट्झ, उतार १२ डेसिबल. जमिनीतली थरथर आणि झोताचा उरलासुरला धक्का त्यात जातो. बायकांच्या आवाजाला यात काही तोटा नाही, पुरुषांचा आवाज फार खर्जातला असेल तर ६० वर थांबा.

मग `Noise Reduction`. ठेवून दिलेली शांतता निवडून `Get Noise Profile`, मग सगळी फाइल निवडून कपात ६ डेसिबल. बाकीचे आकडे हलवू नका. शेवटच्या अक्षरांमागे खणखणणारे, लुकलुकणारे सूर ऐकू आले तर कपात जास्त झाली, ती कमी करा. घुमारा या सोयीने जात नाही, कारण तो तुमच्या आवाजाचाच पडसाद असतो आणि तो प्रत्येक शब्दाबरोबर बदलतो. सततच्या एकसारख्या आवाजापुरतंच हे साधन आहे. मागांची खटखट सतत वाटली तरी ती ठोक्यांची असते, म्हणून तिलाही हे साधन नीट पकडत नाही.

शेवटी `Loudness Normalization` मध्ये `RMS` निवडून उणे २०, आणि मग `Limiter` ची मर्यादा उणे ३.५. एसीएक्स या ऑडिओबुकांच्या संकेतस्थळाची अट यात बसते: सरासरी उणे २३ ते उणे १८, शिखर उणे ३ च्या खाली, शांतता उणे ६० च्या खाली. व्हिडिओवाल्यांनी वेगळा आकडा दिला तर त्यांचा धरा. तिचा आवाज उणे २६ चा उणे २० झाला, म्हणजे सहाने वाढला, आणि शांतता उणे ६४ ची उणे ५८ झाली असती. आधीच्या सहा डेसिबलच्या कपातीने ती परत उणे ६४ च्या आसपास राहिली.

काम देताना मोनो वेव्ह फाइल द्या, ४८००० हर्ट्झ. एमपीथ्री मागितली तरच. आणि मूळ, काहीही न केलेलं रेकॉर्डिंग वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा. आठवड्याने "ते तिसरं वाक्य बदलून द्या" असा फोन येतोच. तेव्हा स्टँडचं अंतर, गादीची जागा आणि गेनचं बटण कुठे होतं हे लागतं, म्हणून फरशीवर खडूने खुर्चीच्या पायांच्या खुणा करा आणि बटणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.